पालखीचा फोटो आणि वारलीची रीत: गगनबावड्याच्या यात्रेचं चित्र कसं उतरवायचं

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना ज्यांना मापं लिहून घेता आली नाहीत, त्यांच्यासाठी ती इथे नीट दिली आहेत.

गगनबावडा तालुक्यातल्या एका श्रोत्याने गावच्या यात्रेचा फोटो पाठवला. मोबाईलवर काढलेला, पालखी देवळाकडे निघालेली, पुढे लेझीम, सगळीकडे गुलाल. सोबत प्रश्न होता: "दादा, घरातल्या सोप्याच्या भिंतीवर हे वारलीसारखं काढायचंय. ॲपमधनं फिल्टर मारून बघितला, पण ते वारली वाटंना. काय चुकतंय?"

प्रश्न छोटा आहे, पण उत्तर द्यायला एपिसोडभर वेळ लागला. कारण फिल्टर बदलून हे सुटत नाही. फोटो आणि वारली चित्र या दोघांची माहिती साठवायची पद्धतच वेगळी आहे.

फिल्टर का फसतो

एक प्रयोग करा. फोनच्या एडिटरमध्ये तो फोटो उघडा, रंग पूर्ण काढून टाका आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत न्या. आता चित्रात जवळपास दोनच गोष्टी उरतील, काळं आणि पांढरं. वारलीतही दोनच गोष्टी असतात, मातीचा रंग आणि पांढरा. म्हणजे हिशोबाने आपण वारलीच्या जवळ यायला हवं होतं. पण दिसतं काय? पांढरे सदरे आणि टोप्या हवेत तरंगतात, गुलालाने माखलेले चेहरे गायब होतात, आणि पालखी मागच्या डिजिटल बॅनरमध्ये मिसळून जाते.

याचं कारण सोपं आहे. फोटोत माणसं एकमेकांच्या पुढे-मागे असतात. पुढचा माणूस मागच्याला झाकतो आणि कोण पुढे, कोण मागे हे आपल्याला सावली आणि रंगावरून कळतं. सावली आणि रंग काढून घेतले की झाकलेली माणसं एकमेकांत वितळतात. पांढऱ्यावर पांढरं आलं की फक्त डाग उरतो.

वारली चित्रकारांनी ही अडचण मुळातच येऊ दिलेली नाही. त्यांच्या चित्रात माणसं सहसा एकमेकांवर चढत नाहीत. प्रत्येकाला स्वतःची मोकळी जागा असते आणि त्याच्या चारी बाजूंनी माती दिसते. लांबचा माणूस लहान आणि जवळचा मोठा, असंही नसतं. देऊळ समोरून दिसतं, नाच वरून बघितल्यासारखा गोल दिसतो आणि त्या गोलातली माणसं मात्र सपाट उभी दिसतात. एकाच कागदावर दोन-तीन बाजूंनी बघणं चालतं. फोटो सांगतो की कॅमेऱ्याला काय दिसलं. वारली चित्र सांगतं की तिथे कोण होतं आणि काय करत होतं.

म्हणून फोटो ट्रेस करायचा नाही. फोटो वाचायचा, त्याची यादी करायची आणि यादीवरून चित्र काढायचं. आजची मुख्य गोष्ट हीच आहे.

ही रीत कुणाची

पुढे जायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वारली चित्रकला कोल्हापूरची नाही. ती वारली आदिवासींची आहे. डहाणू, तलासरी, जव्हार हा त्यांचा भाग, आजचा पालघर जिल्हा. तिथल्या झोपडीच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असतात. त्यावर माती आणि शेणाचा लेप, वर गेरूचा हात, आणि मग तांदळाच्या पिठाने चित्र. लग्नाच्या वेळी सवासिणी घरातल्या भिंतीवर देवचौक काढतात, त्यात पालघट देवी असते. ती सजावट नसते, तो लग्नविधीचा भाग असतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात गेले आणि त्यांच्यामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे तेव्हापासून रोज चित्र काढू लागले. लग्नापुरतं नाही, आणि बाई नसून पुरुष. शिकार, मासेमारी, शेती, मुंग्यांची वारुळं, सगळं त्यांनी काढलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, म्हणजे हे नाव त्या प्रदेशाशी आणि तिथल्या कलाकारांशी कायद्याने जोडलेलं आहे.

आता आपल्या श्रोत्याने घरच्या भिंतीवर आवडीने चित्र काढलं, तर त्याला कुणी अडवणार नाही. पण दोन पथ्यं मी पाळतो. पहिलं, देवचौक आणि पालघट उचलून पालखीभोवती नक्षी म्हणून लावायची नाही. दुसऱ्याच्या लग्नातला विधी तोडून आपल्या भिंतीवर चिकटवल्यासारखं होतं ते. दुसरं, तारपा काढायचा नाही. नेटवर वारली शोधलं की मधे तारपा वाजवणारा आणि भोवती गोल नाच हे चित्र सगळ्यात आधी येतं, आणि लोक तेच उतरवतात. गगनबावड्याच्या यात्रेत तारपा नसतो. तिथे हलगी असते, ढोल असतो, कैताळ असतं. व्याकरण वारलींकडून शिकायचं, शब्द आपल्या गावचे वापरायचे.

फोटोची यादी

आता त्या फोटोकडे येऊ. मी झूम करून माणसं मोजली. पूर्ण दिसणारी फक्त नऊ. बाकीच्यांची डोकी, खांदे, नुसते हात. मग फोन करून श्रोत्याला विचारलं, कोण कोण होतं, काय करत होतं. त्याच्या उत्तरातून यादी अशी झाली:

- पालखी खांद्यावर घेतलेले ४
- अब्दागिरी धरलेला १
- हलगी वाजवणारा १, ढोलवाले २, कैताळवाला १
- लेझीम खेळणारे १२
- देवळाच्या दारात आरतीची ताटं घेतलेल्या बाया ३
- झाडावर चढून बघणारी पोरं २

एकूण २६. यातल्या बाया फोटोत नव्हत्याच, त्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे होत्या. लेझीमवाले फोटोत पाचच दिसत होते. पण चित्राला कॅमेऱ्याची चौकट पाळायची गरज नाही, त्यामुळे सगळे आले.

यादीतून काय वगळायचं हेही ठरवावं लागतं. बॅनर गेला, कारण त्यावरची अक्षरं काढली तर चित्राचं पोस्टर होतं. मोटारसायकली राहू शकल्या असत्या, आजचे वारली चित्रकार रेल्वे आणि गाड्याही काढतात. पण या फोटोत त्या नुसत्या उभ्या होत्या, काही करत नव्हत्या. माझा नियम असा की ज्या गोष्टीला क्रियापद लावता येतं, ती ठेवायची. फोन वर धरून शूटिंग करणारा पोरगा होता, तो झाडावरच्या दोघांपैकी एक केला.

एक माणूस, चार सेंटिमीटर

भिंतीच्या आधी कागदावर कच्चं चित्र करा. ए-थ्री कागद आडवा धरला की साधारण ४२ बाय ३० सेंमी मिळतो. यावर माणसाची उंची ४ सेंमी धरली.

त्या चार सेंटिमीटरची वाटणी मी अशी करतो: डोकं ५ मिमी, मान २ मिमी, वरचा त्रिकोण १० मिमी, खालचा त्रिकोण ८ मिमी आणि पाय १५ मिमी. वरचा त्रिकोण उलटा, म्हणजे खांद्याकडे रुंद. खालचा सुलटा, कमरेखाली रुंद. दोघांची टोकं कमरेला भेटतात. तीच जागा सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण माणसाची हालचाल तिथून येते.

नवीन माणूस हालचाल दाखवायला हातपाय वाकडे करतो आणि धड मात्र सरळ ठेवतो. मग आकृती कवायतीला उभी राहिल्यासारखी दिसते. करून बघा: खालचा त्रिकोण सरळ ठेवा आणि वरचा कमरेच्या टोकाभोवती पुढे कलवा. माणूस लगेच वाकला. दोन्ही त्रिकोण विरुद्ध दिशांना कलवा, तो नाचायला लागला. पालखीवाल्यांचे वरचे त्रिकोण जरासेच पुढे कलवा, खांद्यावर वजन आलं. हातपाय नंतर, एकेका रेघेने, कोपर आणि गुडघ्यापाशी एकदा मोडून.

चेहरा काढायचा नाही. डोळे-नाक नसल्यामुळे कोण कोण आहे हे हातातल्या वस्तूवरून कळायला हवं. हलगी म्हणजे छातीपुढे एक रिकामं वर्तुळ आणि दोन्ही हातांत दोन काटक्या. ढोल म्हणजे कमरेपुढे आडवा, मधे फुगीर आयत. कैताळ म्हणजे दोन छोट्या चकत्या, समोरासमोर. लेझीम म्हणजे धनुष्यासारखी वाकडी रेघ आणि आत चार-पाच ठिपके. बाईसाठी डोक्यामागे अंबाड्याचा ठिपका. ओळखू येतंय का, हे तपासायला घरातल्या कुणाला तरी एक आकृती दाखवा आणि विचारा, "हा काय करतोय?" उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तर हातातली वस्तू थोडी मोठी करा.

मांडणी

कागदाच्या कडेने २ सेंमी पट्टी नक्षीला सोडली. वर ५ सेंमीची पट्टी डोंगरांना. गगनगडाचा डोंगर म्हणजे एक मोठा त्रिकोण आणि बाजूला लहान त्रिकोण, आत तिरप्या रेघा. आता मधे साधारण ३८ बाय २१ सेंमीचं मैदान उरलं.

डाव्या बाजूला लेझीमचं रिंगण. फोटोत ती एक वाकडी रांग दिसते, पण श्रोता म्हणाला ते गोल फिरत होते, म्हणून गोलच काढलं. माणसांच्या कमरा ज्या वर्तुळावर येतील ते १४ सेंमी व्यासाचं. पाय आतल्या बाजूला, डोकी बाहेर. यामागे गणित आहे. बाहेरचा घेर मोठा असतो आणि हात-लेझीम खांद्यापाशी पसरतात, म्हणून जास्त जागा तिकडेच लागते. खांद्यांच्या उंचीवर घेर साधारण ५० सेंमी होतो, बारा माणसांत वाटला तर प्रत्येकाला ४ सेंमीहून थोडा जास्त. पुरेसा. उलटं केलं, डोकी आत घातली, तर लेझमी एकमेकांत अडकतात आणि पुन्हा तोच पांढरा डाग होतो. रिंगणाच्या पोटात वाजवणारे चार, साडेतीन सेंमीचे, दोन वर आणि दोन खाली.

उजव्या बाजूला वर देऊळ, ८ सेंमी उंच, कौलांच्या जागी जाळीदार रेघा. दारात तीन बाया ओळीने. देवळाच्या खाली पालखी. इथे फोटो सगळ्यात जास्त फसवतो. पुढचे दोन भोई फोटोत जवळजवळ एकच माणूस दिसतात, कारण एक दुसऱ्याच्या आड आहे. आपण पालखीची दांडी १२ सेंमी लांब केली आणि चौघांना दांडीखाली एकामागे एक उभं केलं, दोन पुढे, दोन मागे, मधे बोटभर जागा. खरी पालखी अशी नेत नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी बघणाऱ्याला चौघं जण मोजता येतात, आणि चित्राला तेच हवं आहे.

गुलालाचं काय? आपल्याकडे गुलाबी रंग नाही. पालखीच्या वर आणि रिंगणावर बारीक ठिपके विखुरले, मधे दाट, कडेला विरळ. ठिपका ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान ठेवा, नाहीतर पाऊस पडल्यासारखा दिसतो.

माती आणि पांढरा

तळाच्या रंगासाठी गेरू विकत मिळतो. पण गगनबावड्यात जांभ्याची लाल माती दारातच आहे, ती वापरता येते. माती बादलीत भरपूर पाण्यात कालवा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. खडे आणि वाळू जड असल्यामुळे तळाशी राहतात. ते लाल पाणी रात्रभर ठेवलं की बारीक गाळ खाली बसतो, वरचं पाणी काढून टाका. ताकापेक्षा जरा घट्ट असा हा गाळ चार वाट्या घेतला, तर पांढरा सुतारी गोंद एक वाटी. दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

वाळल्यावर भिंतीवर कोरडं बोट घासा. बोटाला लाल लागलं तर गोंद कमी आहे. उलट भिंत चकाकत असेल आणि पांढरा रंग तिच्यावर धरत नसेल तर गोंद जास्त झाला. कोपऱ्यात वीतभर तुकड्यावर आधी हे करून बघा, सगळी भिंत रंगवल्यावर नाही.

पांढऱ्यासाठी मूळ पद्धत म्हणजे तांदूळ भिजवून गंधासारखे बारीक वाटायचे आणि त्यात थोडा डिंक. हा रंग ओला असताना फिका, अर्धवट पारदर्शक दिसतो आणि वाळला की उजळतो. म्हणून रेघ फिकी वाटली तरी लगेच दुसऱ्यांदा फिरवू नका. आधी वाळू द्या, नाहीतर रेघ जाड होते आणि नंतर पापुद्रा सुटतो.

कागदासाठी तांदूळ उत्तम. पण आपल्या श्रोत्याच्या भिंतीसाठी मी नको म्हटलं, आणि त्याचं कारण गगनबावड्याचा पाऊस. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस जिथे पडतो, त्यात हा तालुका येतो. पावसाळाभर भिंतीत ओल असते. तांदळाचं पीठ म्हणजे बुरशीचं जेवण. आधी पांढऱ्या रेघांवर करडे ठिपके येतात, मग रेघ भुसभुशीत होऊन गळते. लग्नासाठी काढलेल्या चित्राला वर्षानुवर्षं टिकायची सक्ती नसते, पुढच्या कार्याला भिंत नव्याने सारवता येते. सोप्याच्या भिंतीवर चित्र ठेवायचं असेल तर पांढरा ॲक्रिलिक रंग घ्या, आणि पावसाची झड लागते ती भिंत सोडून आतली निवडा.

लेखणीसाठी बांबूची काडी, टोक दाताने किंवा दगडाने ठेचून तंतू मोकळे केलेली. ती जमत नसेल तर शून्य नंबरचा ब्रश. त्रिकोणाची कड आधी काढा, पोट नंतर भरा. आधी पोट भरून मग कड ओढायला गेलं की कमरेची चिमट जाड होते आणि माणूस डमरूऐवजी डबा दिसतो.

भिंतीवर उतरवताना कच्च्या चित्राचं सगळं माप तिप्पट केलं, म्हणजे माणूस १२ सेंमी आणि पूर्ण चित्र साधारण सव्वा मीटर बाय ९० सेंमी. भिंतीवर खडूने आधी फक्त रिंगणाचं वर्तुळ, दांडीची रेघ आणि देवळाची चौकट आखा. माणसं मोजून बसतात का बघा. मगच पांढरा हातात घ्या.

चित्राखाली काय लिहायचं

श्रोत्याने शेवटी विचारलं, "खाली वारली पेंटिंग असं लिहू का?" मी सुचवलं ते असं: गावाचं नाव, यात्रेचं साल, आणि "वारली शैलीवरून". घरी आलेला पाहुणा ते वाचेल आणि विचारेल, वारली म्हणजे कोण? तेव्हा पालघर, गंजाड आणि म्हशांचं नाव सांगता येईल. आणि कुणी तुम्हाला पैसे देऊन अस्सल वारली चित्र मागितलं, तर त्याला डहाणूकडच्या वारली कलाकारांकडे पाठवा. तुमच्या गावची यात्रा काढून हवी असेल, तर ते काम घ्या आणि त्याला तसंच नाव द्या.

पुढचा एपिसोड दोन आठवड्यांनी. तुमच्या गावच्या यात्रेचा फोटो असेल, तर पाठवताना सोबत यादीही लिहा: कोण, किती जण आणि काय करत होते.